झरा खाली, ठिपका वर

आजींचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरच्या घरात मेथी निवडत बसले होते. आजी सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरच्या. घरी त्यांच्या फोनला रेंज नसते, म्हणून बाजाराच्या दिवशी गावात उतरल्या की ज्याला ज्याला करायचा त्याला फोन करून घेतात. मी महिन्याभरापूर्वी त्यांच्या झऱ्याची नोंद करून आले होते, निघताना माझा नंबर दिला होता. फोन करतील असं काही मला वाटलं नव्हतं.

"बाई, आमच्या झऱ्याचं काय झालं?"

मला तर बातमी द्यायची घाईच झाली होती. त्याच दिवशी ऑफिसात नळयोजनेची कच्ची यादी बघितली होती आणि आजींचा पाडा तिच्यात वरच्या नंबरात होता. मी ओरडलेच, "आजी, आलं तुमचं नाव यादीत! पहिल्याच टप्प्यात! पंपबिंप काही लागणार नाही, वरून पाणी पाइपाने आपोआप उतरेल पाड्यात!"

पलीकडे बाजाराचा कालवा चालला होता.

"वरून? वरून कुठून?"

आणि फोन कट झाला. मी तीन वेळा उलटा लावला, लागला नाही. मेथी तशीच राहिली. वरून कुठून म्हणजे काय? झऱ्यातून. पण झरा वर होता का? मी डोळे मिटून तो दिवस आठवायचा प्रयत्न केला, तर फक्त माझे दुखणारे गुडघे आठवले. आणि गुडघे दुखतात ते उतरताना.

आधी मी काय काम करते ते सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. आमची एक छोटी संस्था आहे. डोंगरातल्या पाड्यांचं पिण्याचं पाणी कुठल्या झऱ्यावर आहे, उन्हाळ्यात ते किती उरतं, याची पाहणी आम्ही करतो. पूर्वी कागदावर व्हायची. आता मोबाइलमध्ये ॲप आहे. नाशकात असतानाच कोरा फॉर्म फोनमध्ये उतरवून घ्यायचा, कारण पुढे रेंज नसते. झऱ्यावर जायचं, प्रश्न भरायचे, फोटो काढायचे, एक लिटरची बाटली किती सेकंदांत भरते ते मोजायचं आणि मग "जागा घ्या" हे बटण दाबायचं, याला पॉइंट घेणं म्हणतात. फोन आभाळातल्या उपग्रहांवरून आपण कुठे उभे आहोत ते शोधतो. त्याला रेंज लागत नाही, मोकळं आभाळ लागतं. सगळं भरलं की फॉर्म पक्का करायचा. तो फोनच्या पोटात पडून राहतो. रेंजमध्ये आलं की "पाठवा" दाबायचं, मग ऑफिसच्या सर्व्हरवर सगळं चढतं. याला आम्ही सिंक म्हणतो.

जागा घेताना फोन एक आकडा दाखवतो. ॲक्युरसी म्हणतात त्याला. तीन मीटर, आठ मीटर, चाळीस मीटर. जितका लहान तितका फोन स्वतःच्या जागेबद्दल खात्रीने बोलतोय, असं समजायचं. आमचे इंजिनिअर साहेब या आकड्याच्या बाबतीत फार कडक. पहिल्याच मीटिंगला त्यांनी सांगून टाकलं होतं, "दहाच्या वरचा पॉइंट मी धरणार नाही." बास. तेव्हापासून आम्ही सगळे त्या आकड्याच्या मागे हात धुऊन लागलो.

आता झरे कुठे असतात? घळीत. दोन्हीकडे कडे, वर झाडी, आभाळ म्हणजे एक चिंधी. तिथे आकडा वीस-पंचवीसच्या खाली येता येत नाही. मग आमच्या लोकांनी आपापसात एक रीत पाडली. घळीत आकडा बसत नसेल तर दहा-पंधरा पावलं वर उघड्यावर यायचं आणि तिथे पॉइंट घ्यायचा. "वर येऊन घे" असंच म्हणायचो आम्ही. दहा-पंधरा पावलांनी काय मोठं आभाळ कोसळतं! सगळे घेत होते, मीही घेत होते. साहेबांना माहीत नव्हतं. मीटिंगमध्ये कुणी बोललं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडायच्या आत दारात उभी. आमच्याकडे डेटा बघणारी एक मुलगी आहे. नवीन लग्न झालेली, शांत, माझ्या अगदी उलट. मी तिला खुर्चीवर बसूही दिलं नाही. "आधी तो पाडा उघड नकाशावर."

तिने उघडला. समोरच्या नकाशात डोंगराच्या उंचीच्या रेघा, मध्ये पाड्याचा चौकोन आणि झऱ्याचा निळा ठिपका. ठिपका पाड्याच्या चांगला वर होता. खाली असण्याचा प्रश्नच नाही, सरळ डोंगराच्या खांद्यावर.

"झरा वर आहे ताई," ती म्हणाली. "म्हणून तर उताराने पाणी येतंय त्यांना. साहेबांनी सगळे असेच निवडलेत. झरा वर तो पहिल्या टप्प्यात, झरा खाली त्याला पंप लागेल म्हणून पुढच्या टप्प्यात."

"अगं पण मी उतरले होते!"

"कुठे?"

"झऱ्यावर! आजी पुढे, मी मागे. हातात हंडा, डोक्यावर चुंबळ. अर्धा तास उतरत होतो. मी दोनदा घसरून बसले. वर कसा असेल झरा?"

तिने नकाशा मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. ठिपका जागचा हलला नाही. आणि माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. मला आठवत होतं ते खरं की समोर दिसत होतं ते? चार दिवसांत तीस-एक झरे केले होते आम्ही. एकाचं उतरणं मी दुसऱ्याला तर जोडत नव्हते? या वयात माणसाला असं होऊ शकतं का? मला खरंच घाम फुटला.

मग मी चिडले. मला काही कळेनासं झालं की मी चिडते, हा माझा जुना रोग आहे. आधी ॲपवर चिडले. मग फोनवर, ऑफिसने दिलेल्या त्या ठोकळ्यावर. मग उपग्रहांवर. ती बिचारी ऐकून घेत होती. शेवटी हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही सिंक कुठून केलं होतं?"

"कुठून म्हणजे? रेंजच्या दगडावरून. त्या भागात दुसरीकडे कुठे रेंज येते?"

रेंजचा दगड म्हणजे पाड्याच्या वरच्या अंगाला असलेला मोठा सपाट खडक. पाड्यावरची तरणी माणसं फोन करायला तिथेच चढतात. मीही त्या दिवशीचे सगळे फॉर्म तिथूनच पाठवले होते.

तिने दगड कुठे आहे ते विचारलं. मी बोट ठेवलं. माझं बोट बरोबर निळ्या ठिपक्यावर पडलं.

"हेच!" मी टेबलावर हात आपटला. "बघ! सिंक जिथून केलं तिथली जागा चिकटवलीय त्या मेल्या ॲपने! मी खाली घेतलेला पॉइंट याने वर नेऊन ठेवला. सांग साहेबांना. सगळी पाहणीच फुकट गेली!"

आमच्यात हा समज आधीपासून होताच. पाठवताना माणूस जिथे असतो तिथला पॉइंट पडतो, असं बऱ्याच जणांना वाटायचं. मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. माझी चूक नव्हती, मशीनची होती. एका दमात पाणी प्यायले.

माझ्या त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी तिने एकाखाली एक लावल्या. नऊ होत्या. "ताई, हे नऊही फॉर्म त्याच दगडावरून, पाच मिनिटांच्या आत पाठवलेत. सिंकमुळे जागा बदलत असती तर नऊही ठिपके दगडावर असते ना? बाकीचे आठ बघा. आपापल्या ओहोळात आहेत. जागा बटण दाबल्याक्षणी नोंदते, सिंक नुसतं पोचवतं. पोस्टमनसारखं."

पोस्टमन! आठ ठिपके खरंच आपापल्या जागी होते. एकच वर चढून बसला होता.

"आणि अजून एक," ती म्हणाली. "फॉर्म कधी उघडला आणि कधी पक्का केला ती वेळ ॲप आपोआप ठेवतं. तुमचे बाकीचे फॉर्म दहा-बारा मिनिटांत संपलेत. हा एकच चार वाजून पाच मिनिटांनी सुरू झालाय आणि पाच दहाला संपलाय. एक तास पाच मिनिटं. काय करत होतात एवढा वेळ?"

काय करत होते. ती वेळ बघितली आणि सगळं कसं लख्ख आठवलं. कुणीतरी थोबाडीत मारावी तसं.

त्या दिवशीचा तो शेवटचा झरा होता. घळ अशी अरुंद की दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नव्हती. आजींनी वाटीने पाणी भरभरून हंड्यात ओतलं, मी बाटली धरून सेकंद मोजले, फोटो काढले, प्रश्न भरले. आणि जागा घ्यायला लागले तर आकडा पस्तीस. थांबले. तीस. पुन्हा पस्तीस. फोनची बॅटरी नऊ टक्के. मी वैतागले. साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. आणि मला वाटलं, नाहीतरी सिंक करायला रेंजच्या दगडावर चढायचंच आहे. मग दहा पावलं वर जाऊन एकदा थांबायचं आणि पुन्हा दगडावर जाऊन थांबायचं, हा डबल उपद्व्याप कशाला? तिथेच पॉइंट घेऊ आणि तिथूनच पाठवू. फॉर्म अर्धवट तसाच ठेवला आणि घळीतून पाड्यावर, पाड्यावरून थेट दगडावर चढले. मोकळं आभाळ. आकडा झटक्यात तीनवर आला. तीन मीटर! त्या आठवड्यातला सगळ्यात चांगला आकडा. मी स्वतःवर खूश झाले. शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहायची होती, पॉइंट झऱ्यावर घेतलेला नाही म्हणून. लिहिली नाही. दमले होते.

आणि निघताना आजी काय म्हणाल्या तेही आठवलं. मी घळीतून वर चढायला लागले तेव्हा त्या खालून ओरडल्या होत्या, "बाई, पाणी हितं हाय! वर काय घेतेस?"

मी हसून हात हलवला होता.

फोन खोटं बोलला नव्हता. फोन तीन मीटरच्या खात्रीने सांगत होता की फोन कुठे आहे. झरा कुठे आहे हे त्याला कोण सांगणार होतं? ते मी सांगायचं होतं.

साहेबांकडे गेले आणि जे झालं ते सरळ सांगितलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. साहेब आधी तापले, मग डोकं धरून बसले. यादी सोमवारी सकाळी जिल्ह्याला जायची होती आणि तो शुक्रवार होता. मी म्हटलं, फोनवरून दुरुस्त करते. तर पाठवलेला फॉर्म फोनवर नुसता बघता येतो, बदलता येत नाही. सर्व्हरवर बदलता येतो, पण बदलून काय लिहिणार?

"अंदाजाने खाली सरकवायचा का?" मी विचारलं.

"मॅडम, अंदाजाने एकदा वर गेलाय तो," साहेब म्हणाले. "खरा पॉइंट आणा सोमवारच्या आत. नाही आला तर जो आहे तोच जाईल. मी यादी थांबवू शकत नाही."

बाहेर आल्यावर ती डेटावाली मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, एक बोलू? राहू द्या ना. तुम्ही नाही गेलात तर पाडा पहिल्या टप्प्यात राहतो. त्यांना काहीतरी मिळेल तरी. खरा पॉइंट आणलात की बाहेर पडतील. पुढचा टप्पा कधी होईल कुणाला माहीत?"

मी तिला झिडकारलं. पण घरी जाताना तेच डोक्यात घोळत होतं. तिचं काय चुकलं? आजींना गुडघेदुखी. दिवसाला चार फेऱ्या. मीच फोनवर ओरडून सांगितलं होतं, नाव आलं म्हणून. आता मीच जाऊन ते नाव काढायचं? रात्रभर काही ठरेना. सकाळी उठून मी सुरगाण्याच्या एसटीत बसले, तेव्हाही ठरलं नव्हतं. वणीला गाडी थांबली तेव्हा एकदा वाटलं, उतरावं आणि देवीचं दर्शन घेऊन गुपचूप परत जावं. उतरले, चहा घेतला आणि पुन्हा गाडीत चढले. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पुढे जीप, आणि मग चालत. पाड्यावर पोचले तर आजी अंगणातच. मला बघून तोंड भरून हसल्या. आणि अंगणाच्या कोपऱ्याकडे हात केला.

तिथे एक दगड होता. मोठा, चपटा, काळाभोर. ओढ्यातून ओढून आणलेला. खाली माती बसवून, बाजूने बारीक खडे ठोकून पक्का केलेला. मधोमध हंड्याचं बूड बसेल एवढी खोलगट जागा.

"नळाखाली लागंल ना," आजी म्हणाल्या. "पाणी पडून चिखल व्हतो. आमी बाया चौघींनी आणला. लय जड हाय."

मी तिथेच मटकन बसले. आजींना वाटलं चालून दमले, त्यांनी पाणी दिलं. त्याच झऱ्याचं. मी ते प्यायले आणि म्हटलं, "आजी, माझ्याबरोबर झऱ्यावर चला. मी मागे चुकीची जागा टिपलीय."

"मी म्हटलं व्हतं तुला," आजी म्हणाल्या. एवढंच. आणि चुंबळ उचलली.

पुन्हा ती उतरण. या वेळी मी घसरले नाही, जपून उतरले. घळीत पाणी मागच्यापेक्षा कमी झालं होतं. फोन काढला, नवा फॉर्म उघडला, पाण्याच्या तोंडापाशी दगडावर फोन उताणा ठेवला आणि बटण दाबलं. सदतीस. बाजूला होऊन बसले.

"काय बघतोय तो?" आजींनी विचारलं.

"आभाळात उपग्रह असतात आजी. जितके जास्त दिसतील तितकी जागा बरोबर कळते. इथे त्याला कमी दिसतात."

आजींनी वर बघितलं आणि दोन्ही हातांच्या मध्ये वीतभर जागा दाखवली. "मला बी हितून एवढंच दिसतं."

तीस. सव्वीस. तेवीस. दहा मिनिटं गेली. या वेळी मी बॅटरी शंभर टक्के भरून आणली होती, वर पॉवर बँक. वाट बघणं हे काम माझ्या स्वभावात नाही, पण बसले. आजी वाटीने हंडा भरत होत्या. एक वाटी, दुसरी वाटी, मग पाणी साचेपर्यंत थांबायचं, मग तिसरी. मला जे दहा मिनिटांत असह्य झालं ते या रोज चार वेळा करतात, असं मनात आलं आणि मी आकड्याकडे बघणं सोडून दिलं. पुन्हा बघितलं तेव्हा एकोणीस. मग सोळा. मग चौदावर जो बसला तो बसला. मी चौदावरच घेतला. शेऱ्यात लिहिलं, "पॉइंट झऱ्यावरच घेतला आहे, घळ अरुंद आहे, आकडा यापेक्षा खाली येत नाही. आधीचा पॉइंट माझ्या चुकीने रेंजच्या दगडावर घेतला होता, तो काढावा." फोटो काढताना आजींनी न सांगता पाण्यावर हात ठेवला. फॉर्म पक्का केला.

आता तो फोनच्या पोटात होता. रेंज नव्हती, म्हणजे जगात कुणाला माहीत नव्हता. मी तो पुसला असता तरी कुणाला कळलं नसतं.

आजी म्हणाल्या, दगडापर्यंत येते. त्या गुडघ्यांनी आल्या. वर पोचलो तेव्हा मला धाप लागली होती, त्यांना नाही. फोनला रेंजच्या दोन दांड्या आल्या. "पाठवा"चं बटण समोर, खाली लिहिलेलं, एक फॉर्म तयार. माझं बोट काही पुढे जाईना.

शेवटी मी सगळं सांगून टाकलं. आजी, मागच्या वेळी मी इथे उभं राहून जागा टिपली, म्हणून साहेबांना वाटलं झरा इथे वर आहे. वरचं पाणी आपोआप उतरतं म्हणून तुमचं नाव लागलं. हे आता पाठवलं की खरी जागा कळेल. मग तुमचं नाव या यादीतून जाईल आणि पंपाच्या यादीत जाईल. ती कधी होईल मला माहीत नाही. चूक माझी आहे. फोनवर मी तुम्हाला उगाच आशा लावली.

हे बोलताना मला रडू आलं. आजींनी मला रडू दिलं. त्या खडकावर पाय पसरून बसल्या होत्या, गुडघा चोळत.

"नाय पाठवलं तर पाणी येईल का?"

मी विचार केला. खरंच केला. "नाही. पाइप येईल. इथून पाड्यापर्यंत पाइप टाकतील. नळ बसवतील. फोटो काढतील. पाणी नाही येणार. इथे पाणीच नाही ना." आणि मग जे साहेबांच्या खोलीत माझ्या लक्षातही आलं नव्हतं ते बोलताना लक्षात आलं. "आणि एकदा नळ बसला की कागदावर तुमच्या पाड्याला पाणी मिळालेलं असेल. मग पंपाच्या यादीतही नाव येणार नाही."

आजींनी खडकावर हात थोपटला. कोरडा, तापलेला खडक.

"मग पाठव," त्या म्हणाल्या. "काय बघतेस?"

मी दाबलं. फोटो जड, रेंज कमी. गोल फिरत राहिलं. एकदा फसलं, पुन्हा दाबलं. मग बरोबरची खूण आली.

लगेच डेटावाल्या मुलीला फोन लावला. शनिवार असून ती घरी लॅपटॉप उघडून बसली होती, हे मी तिचं विसरणार नाही. "आला ताई," ती म्हणाली. "पण एकाच झऱ्याचे दोन झालेत. नियमाप्रमाणे चांगल्या ॲक्युरसीचा ठेवायचा असतो. तीनवाला ठेवते आणि चौदावाला काढते."

"खबरदार!" मी अशी किंचाळले की आजी दचकल्या. "तीनवाला खोटा आहे! शेरा वाच! चौदावाला खरा!"

"ताई, पण साहेब दहाच्या वरचा…"

"साहेबांना सांग, ज्याला दहाच्या आत पाहिजे त्याने या घळीत येऊन बसावं!"

ती हसली. तिने शेरा वाचला आणि वरचा ठिपका काढला. सोमवारी साहेबांनी चौदा धरला, कुरकुरत का होईना. पुढच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर उभं राहून "वर येऊन घे"ची रीत सांगून टाकली. दोघे-तिघे सहकारी माझ्यावर आठवडाभर फुरंगटले होते. नंतर मुकाट्याने सगळ्यांनी आपापले ठिपके तपासायला घेतले. दुसरा कुठलाच झरा पाड्याच्या वर गेलेला निघाला नाही. पराक्रम एकट्या माझाच होता.

आजींचा पाडा यादीतून गेला. पंपाच्या यादीत लागला. त्याला आता वर्ष होत आलं आणि अजून कुणी तिकडे पाइपचा तुकडा नेलेला नाही. मी बरोबर केलं का? डोकं हो म्हणतं. पण दर बाजाराच्या दिवशी फोन वाजला की मी दोन घंटा वाजू देते, मग उचलते. आजी कधी यादीचं विचारत नाहीत. माझे गुडघे कसे आहेत ते विचारतात.

गेल्या महिन्यात दुसऱ्या कामाने त्या बाजूला गेले होते, तेव्हा पाड्यावर डोकावले. आजी अंगणाच्या कोपऱ्यात त्या काळ्या दगडावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "आजी, इथे काय बसलात?"

"बसायला बरा हाय," आजी म्हणाल्या. "नळ आला का उठीन."